साडेतीन बाय साडेचार

मिलिंदच्या खोलीत कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्या थोरल्या बहिणीने, मायाने, त्याला हातसुद्धा लावला नाही. कॉट सरकवून जागा केली, पुसायला फडकं दिलं आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. घरात सगळ्यांना वाटलं, पोरीला आनंद झालाय, पण ती मुळातच बोलत नाही.

खरं म्हणजे पाच वर्षांपूर्वी सांगलीला कॉम्प्युटरवर नकाशे काढायचा वर्ग सुरू झाला, तेव्हा तिने वडिलांकडे, आण्णांकडे, शिकायचा विषय काढला होता. आयटीआय करून ती सांगलीच्या पाटबंधारे खात्यात ट्रेसर लागली होती. कालव्यांचे, बंधाऱ्यांचे नकाशे शाईने उतरवायची. आण्णा म्हणाले होते, "आत्ता कशाला, नोकरी हाय की. मिलिंदचं एकदा हुं दे." मग मिलिंदला कराडच्याच इंजिनीअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला आणि नव्याण्णव साली, न मागता, कॉम्प्युटर, स्कॅनर आणि रंगीत प्रिंटर घरात आला. शेजारपाजारचे बघायला येत. मिलिंद खुर्चीत बसून माऊस फिरवायचा आणि आण्णा दारात उभे राहून सांगायचे, "आमच्या पोराचं डोकं लय चालतं."

माया रोज सांगलीहून यायची, चप्पल काढायची आणि हे ऐकायची.

त्या वर्षी वस्तीतली वीसएक माणसं श्रीलंकेला जाणार होती. अनुराधापूरचा बोधिवृक्ष बघायचा म्हणून आण्णांनी आणि मायाच्या आईने, मुक्ताबाईंनीही नावं दिली. सांगलीतला नाथाजी नावाचा ट्रॅव्हल एजंट यात्रेचे अर्ज गोळा करत होता. अर्जावर छापलं होतं: प्रत्येकी चार फोटो, साडेतीन सेंटीमीटर रुंद, साडेचार सेंटीमीटर उंच. स्टुडिओत काढलेले दोघांचे पोस्टकार्ड आकाराचे फोटो घरात होतेच.

"परत स्टुडिओत कशाला जायचं," मिलिंद म्हणाला. "घरी छापतो की."

रविवारी सकाळी त्याने आईचा फोटो स्कॅन करून छापला. पोस्टकार्डाचं पोस्टकार्डच बाहेर आलं. मग त्याने पडद्यावरचं चित्र लहान करून पुन्हा छापलं. पुन्हा तेवढंच. पडद्यावर लहान दिसलं म्हणून कागदावर लहान होत नाही, हे त्याच्या ध्यानात यायला तीन कागद गेले. मग त्याने मायाची कामाची पट्टी मागून घेतली, पडद्याच्या काचेवर धरली आणि चित्र बरोबर साडेतीन सेंटीमीटर दिसेपर्यंत खरोखरच लहान केलं. छापलं तर आई अंगठ्याच्या नखाएवढी झाली होती.

माया दाराला टेकून उभी होती. पट्टी काचेवर धरलेली बघून तिच्या मनात गुदगुल्या झाल्या. आठ वर्षं ती कोऱ्या कागदावर पहिल्यांदा काय लिहीत होती? प्रमाण आणि एकक. ते ठरल्याशिवाय एक रेघ ओढायची नाही.

मिलिंदने शेवटी नवी फाईल उघडली. रुंदीच्या चौकटीत ३.५ लिहिलं, उंचीच्या चौकटीत ४.५. दोन्ही आकड्यांच्या शेजारी बारीक अक्षरात 'इंच' असं होतं. मायाला ते दारातून दिसलं. त्याला दिसलं नाही.

एवढंच सांगायचं होतं, की ते इंच बदलून सेंटीमीटर कर. शब्द तिच्या जिभेवर आला. तेवढ्यात आण्णा मागून म्हणाले, "माया, त्याला च्या दे जरा. सकाळधरनं डोकं लावून बसलंय पोर."

तिने शब्द गिळला आणि चहा ठेवला.

फोटो तळहाताएवढा आला. मिलिंद वैतागला, "आता अर्धा केला की झालं." छापताना त्याने पन्नास टक्के टाकले. आलेला फोटो अजूनही अर्जावरच्या चौकटीबाहेर जात होता. मग त्याने कात्री घेतली. वरून थोडं, खालून थोडं, बाजूने थोडं असं कापून त्याने आठही फोटो चौकटीत बसवले. आईचं कपाळ केसांपासून तुटलं, आण्णांची हनुवटी गेली.

"बसला की नीट," आण्णा म्हणाले.

मायाने कप उचलले. तिला बरं वाटत होतं. त्या बरं वाटण्याची तिला लाजही वाटत होती, पण थोडीच.

बुधवारी मुक्ताबाई एकट्याच एसटीने सांगलीला अर्ज द्यायला गेल्या. माया संध्याकाळी घरी आली तेव्हा त्या ओसरीवर पाय सोडून बसल्या होत्या. पिशवीत अर्ज तसेच होते.

"परत दिलं," त्या म्हणाल्या. "नाथाजी म्हणला, बाई, ह्यो फोटू चालत न्हाई, डोकं कुटं हाय ह्यात? चार माणसं बसली हुती, सगळी हसली. मी बी हसले. मग काय करणार. शनवारपतुर न्हाई दिलं तर नावं काढणार म्हणं."

त्या तक्रार करत नव्हत्या. पायाला तेल लावत होत्या. माया उंबऱ्यावरच उभी राहिली. आईला हसणारी ती चार माणसं तिला दिसू लागली आणि रविवारचं ते बरं वाटणं पार ओसरलं.

ती सरळ मिलिंदच्या खोलीत गेली.

"ऊठ."

"का गं आक्का?"

"ऊठ म्हणते ना."

तो उठला. माया पहिल्यांदाच त्या खुर्चीत बसली. माऊस तिच्या हातात नीट येत नव्हता, बाण भलतीकडे पळत होता. "नवी फाईल कशी उघडायची सांग," ती म्हणाली. त्याने दाखवलं. तिने आधी एकक बदललं, सेंटीमीटर. मग रुंदी साडेतीन, उंची साडेचार. खाली एका इंचात किती ठिपके, त्याची चौकट होती.

"तीनशे टाक," मिलिंद म्हणाला. "स्कॅन तेवढ्यावरच केलंय."

कोरी चौकट तयार झाल्यावर आईचा फोटो तिने त्यात आणायला लावला आणि रुंदी-उंचीचं प्रमाण न मोडता लहान केला. डोक्यावर थोडी जागा राहिली, खांदे आत आले, कडेचं जास्तीचं बाहेर गेलं. छापताना शंभर टक्के ठेवलं, आणि कागदभर मोठं करायची खूण होती ती काढून टाकली. प्रिंटर कुरकुरला. कागद हातात येताच तिने पट्टी लावली. आडवं साडेतीन. उभं साडेचार. आई पूर्ण होती.

मिलिंद तो कागद बघत राहिला. मग त्याने विचारलं, "आक्का, रविवारी तू दारात हुतीस. तवा तुला हे दिसलं हुतं?"

खोटं बोलणं सोपं होतं.

"दिसलं हुतं," ती म्हणाली. "इंच लिहिलं हुतं तिथं. मी बोलले न्हाई."

"का?"

दारात आण्णा येऊन उभे होते, तिला माहीत नव्हतं. "मला बी बसायचं हुतं ह्या खुर्चीत," ती म्हणाली. "पाच वर्षं झाली."

आण्णांनी ते ऐकलं. ते दारातूनच परत गेले. मिलिंदने गाल फुगवून बाकीचे फोटो छापायला कागद प्रिंटरला लावला. तो रागावला होता आणि राग लपवतही नव्हता. दोन दिवस तिच्याशी बोलला नाही.

शनिवारी मायानेच अर्ज नाथाजीच्या हातात दिले. त्याने फोटो चौकटीवर ठेवून बघितले आणि चिकटवले.

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आण्णा ओसरीवर पेपर वाचत होते. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "सांगलीचा तो वर्ग अजून चालतो काय गं?"

"चालतो."

"चौकशी करून ये सोमवारी."

ती हो म्हणाली आणि आत गेली. मिलिंद खुर्चीत बसला होता. त्याला तसं बसलेलं बघून तिच्या मनात नेहमीची कळ उठलीच, काही कमी झाली नव्हती. पण तो थोडा सरकला, आणि तिने स्वयंपाकघरातलं स्टूल ओढत आणलं.