झाकण आणि बारा वाजेपर्यंतची वेळ

सासूबाईंच्या पोटाचं ऑपरेशन झालं, त्याला सहा दिवस झाले होते. डॉक्टरांनी पहिल्यांदाच मऊ शिजवलेलं खायला परवानगी दिली, आणि डबा बाराच्या आत पोचायला हवा होता. बारानंतर वॉर्डचं दार बंद.

मी गाजर-बटाटे कुकरला लावले. शिट्ट्या झाल्यावर, लवकर निवावा म्हणून, शिट्टी तशीच ठेवून कुकर गार पाण्याच्या परातीत ठेवला आणि डबा घासायला गेले. घाईत माणूस असलंच काहीतरी करतं. परत येऊन बघते तर भांडं गार आणि झाकण हलेना.

धाकटे दीर आले. दोन्ही मुठींनी जोर लावला, लालबुंद झाले.

"वहिनी, हातोडी कुठंय?"

"भावजी, हातोडी नको. झाकण वाकलं तर कुकर कायमचा गेला."

"मग काय मंत्र म्हणणार?"

सासरे दारातून म्हणाले, "अकरा वाजून दहा मिनिटं."

माझी आई वसतिगृहाच्या मेसमध्ये स्वयंपाक करायची, तीन-तीन कुकर सांभाळत. तिचं बघितलेलं मला आठवलं. आत वाफ नाही, याची मी आधी खात्री केली: भांडं गार होतं. मग चमच्याच्या दांड्याने शिट्टी हळूच उचलली. बाहेर फुस्स नाही. उलट सूं करून हवा आत गेली.

"बघा, आतली वाफ पाणी झाली आणि जागा रिकामी पडली. बाहेरची हवाच झाकण दाबून बसली होती."

दिरांनी परत जोर लावला. तरी हलेना!

"तुमची हवा तर गेली आत!" ते हसले.

"आता झाकणातलं रबराचं गॅस्केट फुगून चिकटलंय. जुनं झालंय ते."

शिट्टी बाजूला ठेवली. वाफेच्या नळीतून उजेडाकडे बघितलं, आरपार दिसत होतं. ती बंद असती तर कुकर पुन्हा आचेवर ठेवलाच नसता. मग चिकटलेलं रबर सुटावं म्हणून अगदी मंद आच.

"अकरा वीस!" सासरे.

"बाबा, घड्याळ बघून कुकर उघडत नाही."

तोंडातून निघालं आणि जीभ चावली.

नळीतून वाफ यायला लागली. गॅस बंद केला. दीर पुढे सरसावले.

"थांबा! वाफ पूर्ण थांबू दे."

वाफ विरली. तोंड लांब ठेवून, कापडाने धरून झाकण थोडं खाली दाबलं आणि हँडल फिरवलं. चक्क लोण्यासारखं सरकलं!

"जिंकलात हो वहिनी!" दिरांनी टाळी वाजवली. गाजर-बटाटे घोटून डब्यात भरले, आणि दीर सायकलवर असे सुटले, जणू शर्यतच.

बाराला पाच कमी असताना डबा सासूबाईंच्या हातात होता. सहा दिवसांनी त्यांनी पहिला घास घेतला. वाटी संपवून त्या दिरांना म्हणाल्या, "उद्या जरा जास्त पाठवायला सांग तिला."