शहागंजाच्या पुढची फेरी

बायको जोहरा वारल्यापासून नवाबभाईंच्या शहरातल्या फेऱ्या वाढल्या होत्या. बजाजनगरात घराला लागूनच त्यांचं शिलाईचं दुकान. कारखान्यांच्या कामगारांचे गणवेश शिवायचे. दोरा संपला की गुलमंडी, मशीन बिघडलं की शहागंज, कापड लागलं की पैठण गेट. एका कामासाठी जायचं, परत यायचं, आणि मग दुसरं आठवायचं. आधी जोहरा स्कूटरवर मागं बसायची आणि कुठं आधी, कुठं नंतर ते सांगायची. नवाबभाई फक्त गाडी चालवायचे. त्यात काही विचार लागतो, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

त्या आठवड्यात एका कारखान्याचे शर्ट द्यायचे होते. नवाबभाई बुधवारी दोरा आणायला गेले आणि दुकानातल्या ट्यूबलाइटखाली निळा रंग बघून पुडकं घेऊन आले. घरी उन्हात धरल्यावर कळलं, छटा वेगळी. गुरुवारी परत निघणार, तोच कापडाच्या कडा शिवणाऱ्या ओव्हरलॉक मशीनचा लूपर, दोरा ओढणारा आकडा, तुटला. खिशांवर कारखान्याचं नाव भरून घ्यायचं होतं, ते वेगळंच. कापडही कमी पडणार होतं. एवढ्या फेऱ्या मारल्या तर शिवायला वेळच उरणार नव्हता.

मग ते गेले नाहीत. दुकानात बसून राहिले आणि जोहरा असती तर काय म्हणाली असती, ते आठवू लागले. ज्याला वेळ लागतो ते आधी टाकायचं. जड ते शेवटी उचलायचं. पण कापड शेवटी घेतलं तर दोऱ्याचा रंग जुळवायचा कशाशी? बराच वेळ त्यांचं घोडं इथंच अडलं. शेवटी त्यांनी शिवून ठेवलेल्या शर्टाच्या आतल्या शिलाईतून बोटभर कापड कापलं आणि पाकिटात ठेवलं. खिशांचे तुकडेही रात्रीवर न ठेवता तेव्हाच बेतून घेतले. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. दुपारी नमाजाला दुकानं बंद होणार, म्हणून भरतकाम आणि मशीन, दोन्ही कामं त्याआधी टाकायला हवी होती.

सकाळी ते मधे कुठंही न थांबता क्रांती चौक, गुलमंडी, शहागंज ओलांडून थेट रोशन गेटला गेले. सगळ्यात लांबचं ठिकाण पहिलं. भरतकामवाल्याकडं खिसे दिले. तिथून मागं वळून शहागंजात मशीन दुरुस्त करणाऱ्या ओवैसच्या दुकानात स्कूटरवरून मशीनचा वरचा भाग उतरवला.

ओवैसनं लूपर बघितला, नवा बसवून टायमिंग लावावं लागेल, नमाजानंतर या म्हणाला. मग त्यानं नवाबभाईंच्या मागं रस्त्याकडं नजर टाकली.

"चाचा, चाची नाही आल्या?"

"नाही रे," नवाबभाई म्हणाले. "आता मी एकटाच येतो."

ओवैस पाना हातात घेऊन तसाच उभा राहिला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं स्टूल पुढं केलं, पण नवाबभाई बसले नाहीत.

नमाजाला वेळ होता. गुलमंडीचं काम परतीच्या वाटेवर होतं, आत्ता जाऊन उगाच हेलपाटा पडला असता. करण्यासारखं काहीच नव्हतं. ते चौकातल्या हॉटेलात गेले. याच वेळेला जोहरा त्यांना इथं बसवायची. पायातली चप्पल काढून, बशीत चहा ओतून, मोहल्ल्यातलं, माहेरचं काय काय सांगत राहायची. नवाबभाईंचं लक्ष घड्याळाकडं असायचं. एकदा त्यांनी वैतागून म्हटलं होतं, जरा लवकर निघालो असतो तर हा वेळ वाया गेला नसता. ती फक्त हसली होती.

वेटरनं दोन चहा का, विचारलं. त्यांनी एक सांगितला.

नमाजानंतर सगळं जुळून आलं. रोशन गेटचे खिसे तयार, शहागंजात मशीन तयार. ओवैसनं ते स्वतः बांधून दिलं. गुलमंडीत नवाबभाईंनी दोऱ्याचं पुडकं दुकानाबाहेर उन्हात नेऊन तुकड्याशी लावून बघितलं आणि मगच घेतलं. पैठण गेटला कापडाचा तागा पायाशी ठेवला. संध्याकाळची गर्दी व्हायच्या आत ते छावणी ओलांडून गेले होते. एका फेरीत सगळं झालं होतं, काहीही विसरलं नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी कुलूप काढलं आणि सामान उतरवलं. झालं ना सगळं, असं विचारणारं कुणी नव्हतं. ते थोडा वेळ दारातच उभे राहिले, मग मशीन जोडायला बसले.

शर्ट वेळेत गेले. पुढच्या वेळी शहरात निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी शेजारच्या पारूबाईंचं दार वाजवलं.

"उद्या शहागंजाकडं चाललोय," ते म्हणाले. "तुमचं काही आणायचंय का?"

पारूबाईंनी आठवून बघितलं. "आत्ता तर काय नाय, भाऊ."

नवाबभाईंनी मान हलवली. तरी ते लगेच वळले नाहीत. म्हणाले, गाडीवर मागची जागा रिकामीच असते.

"या, आत बसा की," पारूबाई म्हणाल्या. "आठवलं तर सांगते."