गालाच्या गाद्या

चित्राचा नवरा श्रीपाद हेल्मेट घालायचा, पण घालताना तोंड असं करायचा की जणू कुणी एरंडेल पाजतंय. "गालांना रुततं गं," हे त्याचं रोजचं गाऱ्हाणं. हेल्मेटमधल्या दोन्ही बाजूंच्या गाद्या गाल दाबायच्या, काढल्यावर वळ उठलेले असायचे, आणि मग हा गृहस्थ आरशासमोर उभा राहून लहान मुलासारखा गाल चोळत बसायचा. चित्रा म्हणायची, "रुतायलाच हवं. रुतत नसेल तर ते हेल्मेट नाही, टोपली आहे."

तिला हे बोलायचा हक्क होता, कारण मानपाड्याजवळच्या एका रंगाच्या कंपनीत ती सेफ्टी ऑफिसर होती. तिथले कामगार बाइकवरून यायचे आणि हेल्मेट डोक्यात कमी, कोपरात जास्त अडकवायचे. भाषणं देऊन तिचा घसा बसला, फरक शून्य. शेवटी तिने ठरवलं, छोटा व्हिडिओ करायचा. एक चूक, एक तुकडा, आणि प्रत्येक चुकीनंतर तीच गोष्ट बरोबर करून दाखवायची. गेटजवळच्या टीव्हीवर तो दिवसभर फिरत राहील, म्हणजे कार्ड पंच करायला थांबलेला माणूस इच्छा असो नसो बघेलच.

शूटिंगला अकाउंट्समधला मधु होता. रविवारी तो लग्नांचे व्हिडिओ काढायचा, त्यामुळे कंपनीत त्याला दिग्दर्शकाचा मान होता. काम करणार होता पॅकिंगमधला तानाजी, पण तो ऐनवेळी तापाने झोपला. मग चित्राने सुट्टीवर असलेल्या श्रीपादलाच हेल्मेटसकट बोलावून घेतलं. तो मनातून खूष झाला. भांग पाडून आला, हेल्मेटखाली कोण बघणार होतं देव जाणे.

"मॅडम, आधी सगळं बरोबर घेऊ, मग सगळं चूक," मधु म्हणाला. "सारखं बदलत बसलो तर शेडची सावली अंगावर येईल. जोडताना मी नीट लावतो."

ते चित्राला पटलं. आधी बरोबरचे तुकडे झाले. भुवयांच्या जरा वर येईल असं सरळ घातलेलं हेल्मेट. हनुवटीखाली बसलेला पट्टा आणि त्यात जेमतेम शिरणारी दोन बोटं. डोकं हलवलं की गालांची कातडीही सोबत हलते, इतकी घट्ट बैठक. मग चुका. हेल्मेट मागे ढकलून कपाळ उघडं टाकलं. आत क्रिकेटची टोपी घातली, तेव्हा हेल्मेट डोक्यावर बसेचना. पट्टा न लावता दोन्ही टोकं वाऱ्यावर सोडली. मग ढिला पट्टा. चित्राने स्वतःच्या हातांनी पट्ट्याची अडकण सरकवून तो होता तेवढा लांब केला. बकल लावलं की 'कट्' आवाज मात्र तसाच यायचा, अगदी विश्वासाचा.

शेवटची चूक मोठ्या मापाची. मोठं हेल्मेट आणलेलं नव्हतं, तेव्हा चित्रानेच युक्ती काढली. दोन्ही गालांच्या गाद्या बटणं उघडून बाहेर काढल्या. श्रीपादने हेल्मेट घातलं, पट्टा लावला, कट्. चित्राने मागची कड धरून पुढे ढकलली आणि हेल्मेट बंद पट्ट्यासकट त्याच्या डोक्यावरून निघून तिच्या हातात आलं. विस्कटलेला भांग घेऊन श्रीपाद बावळटासारखा उभा. मधु इतका हसला की कॅमेरा हलला. चित्राही हसली.

"चला, मी पळतो," श्रीपाद म्हणाला. "आईकडे नळवाला यायचाय, तिला शहाडला एकटीला त्याच्याशी भांडत ठेवायला नको." हेल्मेट घालून त्याने मान इकडेतिकडे फिरवली. "आज कसं मोकळं वाटतंय गं! तुझा व्हिडिओ लाभला बघ."

चित्रा वायर गुंडाळत होती. तिने वर बघितलं नाही, नुसता कान दिला. कट् आवाज आला, तिचं समाधान झालं. बाइक गेटबाहेर गेली.

मधुने लॅपटॉपवर तुकडे उघडले. पाणी प्यायला म्हणून चित्राने पर्समध्ये बाटलीसाठी हात घातला, तर हाताला काहीतरी मऊ लागलं. तिने ते बाहेर काढलं. काळ्या जाळीच्या, गालाच्या आकाराच्या दोन गाद्या. त्याच वेळी समोर पडद्यावर तिचेच हात श्रीपादच्या डोक्यावरून हेल्मेट अलगद उतरवत होते. पट्टा बंदच होता.

तिने पडद्याकडे बोट दाखवलं.

"मधु, ते हेल्मेट चुकीचंच राहिलं रे," ती म्हणाली. "चूक शेवटी घेतली आपण. तो तसाच गेलाय."

मधुचं हसू मावळलं. "फोन करा, मॅडम."

तिने केला. रिंग वाजत राहिली. श्रीपाद उचलणार नव्हता, कारण गाडी चालवताना फोन आवाज बंद करून बॅगेत ठेवायचा हा नियम तिचाच, आणि लग्नाच्या इतक्या वर्षांत नवऱ्याने पाळलेला तो एकमेव नियम होता. तिने पुन्हा लावला, पुन्हा लावला. मग गाद्या मुठीत धरून ती पार्किंगकडे धावत सुटली.

कल्याण-शीळ रस्त्यावर मेट्रोच्या कामाच्या पत्र्यांनी अर्धा रस्ता खाल्लेला, उरलेल्या अर्ध्यात डंपर, टँकर आणि रिक्षा. चित्रा स्कूटर दामटत होती. एरवी शंभर जणांसमोर अपघाताचे आकडे घडाघडा म्हणणारी बाई, पण आता तिला एकही आकडा आठवेना, फक्त श्रीपादचा विस्कटलेला भांग दिसत होता. प्रत्येक वळणावर पुढे गर्दी दिसली की ती मान उंचावून रस्त्यावर कुणी पडलंय का बघायची. एकदा रस्त्याकडेला काळं, गोल काहीतरी दिसलं आणि तिने किंचाळत ब्रेक दाबला. फुटकी बादली होती. मागचा रिक्षावाला तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करून पुढे गेला. "आई एकवीरे," ती पुटपुटत होती, "रुततंय म्हणून रोज ओरडू दे त्याला. मी हूं की चूं करणार नाही."

पत्रीपुलाच्या अलीकडे रसवंतीपाशी ओळखीची बाइक दिसली. आरशावर हेल्मेट टांगलेलं आणि शेजारी श्रीपाद, हातात उसाच्या रसाचा ग्लास घेऊन मजेत उभा.

चित्राने स्कूटर कशीबशी स्टँडला लावली आणि त्याच्या दंडावर जोरात चापट मारली. रस सांडला. मग ती रडायलाच लागली.

"अगं, काय झालं? आईला काही..." श्रीपाद घाबरला.

तिने मूठ उघडून गाद्या दाखवल्या. त्या घामाने भिजल्या होत्या. श्रीपादने आधी गाद्यांकडे बघितलं, मग हेल्मेटकडे, आणि त्याचा चेहरा उतरला. "तरीच," तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, सवय झाली."

तिचे हात इतके थरथरत होते की बटणं लागेनात. श्रीपादने हेल्मेट धरलं, तिने एकेक बटण दाबून गाद्या बसवल्या. त्याला हेल्मेट घातलं. अडकण सरकवून पट्टा आखूड केला, बकल लावलं, दोन बोटं घालून बघितली. मागची कड धरून पुढे ढकललं. हेल्मेट जागचं हललं नाही. तिने पुन्हा ढकललं.

"पुरे, मानच काढशील आता," श्रीपाद म्हणाला. मग त्याची नजर तिच्या हनुवटीकडे गेली. "आणि हे काय, सेफ्टी ऑफिसर?"

तिच्या हेल्मेटचा पट्टा दोन्ही बाजूंना लोंबत होता. मानपाड्यापासून ती तशीच आली होती. श्रीपादने तो लावला, आपली दोन बोटं घालून बघितली.

"तू कंपनीत परत जा."

"नाही. मी तुझ्या मागून येणार, शहाडपर्यंत."

"बरं, पण सावकाश ये. तुझे हात बघ कसे झालेत."

निघाले. पत्रीपूल मागे पडला, कल्याणची गर्दी मागे पडली. खरं तर आता घाबरायचं कारण उरलं नव्हतं, पण चित्राचा जीव काही थाऱ्यावर येईना. पुढे श्रीपादचंही तसंच झालं होतं. बायको या अवस्थेत स्कूटर चालवतेय, ही काळजी त्याला खात होती. आरशातून तो सारखा मागे बघत होता. शहाडच्या पुलाच्या तोंडाशी त्यांच्या मध्ये एक टेम्पो घुसला. चित्रा आरशात दिसेना, म्हणून श्रीपादने मान वळवून मागे बघितलं.

पुढे खडी सांडलेली होती.

टेम्पोच्या कडेने चित्राला फक्त बाइक आडवी होताना दिसली. मग आवाज आला, दुभाजकाच्या काँक्रीटवर काहीतरी कठीण आपटल्याचा.

ती धावत पोचेपर्यंत माणसं जमली होती. एकाने बाइक बंद केली. दुसरा खाली बसून श्रीपादच्या हनुवटीखाली बकल चाचपत होता. "हेल्मेट काढा आधी, गुदमरेल तो! पाणी आणा!"

"हात लावू नका!" चित्रा अशी ओरडली की त्या माणसाने चटका बसावा तसा हात मागे घेतला. "मान दुखावली असेल. कुणी काढू नका. पाणी नको. कुणीतरी एकशे आठला फोन लावा."

ती गुडघ्यांवर बसली. हेल्मेट दोन्ही हातांनी स्थिर धरलं आणि त्या माणसाला काच वर करायला सांगितली. आत श्रीपादचे डोळे मिटलेले. हेल्मेटच्या मागच्या बाजूला दुभाजकाच्या कडेने लांब तडा पाडला होता. तो तडा जिथे होता, तिथे उघडं डोकं असतं, तर? आणि मी मागून आलेच नसते, तर त्याने मान तरी वळवली असती का? दोन्ही प्रश्न तिच्या मनात एकदमच आले. दुसऱ्याचं उत्तर तिला नको होतं.

"श्रीपाद," ती म्हणाली. "अरे, बोल ना काहीतरी."

तो श्वास घेत होता, पण बोलत नव्हता. आयुष्यात चित्रा इतकी कधी घाबरली नव्हती. त्याची मान हलू नये म्हणून तिने आपले हात दगडासारखे स्थिर ठेवले होते.

मग त्याच्या पापण्या हलल्या. डोळे उघडले. तिला ओळखायला त्याला जरा वेळ लागला. ओठ हलले, पण आवाज आला नाही, म्हणून ती त्याच्या तोंडाजवळ वाकली.

"गालांना," श्रीपाद म्हणाला, "रुततंय गं."

"रुतू दे," चित्रा म्हणाली, आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तिने ते हेल्मेट तसंच धरून ठेवलं.