दत्तोबाचे तीन अर्ज

कुसगाव, सोमवार सकाळ

दत्तोबा,

हे पत्र टपालात टाकत नाही, तुझ्या आईच्या, झुंबरकाकूच्या, हाती देतोय. वाचून झालं की चुलीत घाल.

झुंबरकाकू काल दुपारी दारात येऊन बसली. पाणीसुद्धा घेईना. तू बुधवारी वडगावला जाऊन लष्करात नाव घालणार, हे तिनं सांगितलं. म्हणाली, "थोरला बजरंग लढाईवर ब्रह्मदेशात गेला, त्याचं आठ महिने पत्र न्हाई. आता ह्योबी गेला तर मी कुनाकडं बघू?"

आमच्या कारखान्यात तीन अर्ज टाकले, एकाचाही जबाब नाही, म्हणजे आपल्या हाताला किंमत नाही, असं तू तिला सांगितलंस म्हणे. गाढवा, तुझ्या हातात काय आहे ते सगळ्या टाकवे गावाला विचार. पण कारखान्याला ते कळावं कसं? तिथं हात जात नाही, कागद जातो. आणि तुझे कागद मी पाहिलेत. आमच्या कचेरीत रोजचं टपाल मीच उघडतो, हे तुला ठाऊक आहे.

माझ्या टेबलावर तीन गठ्ठे असतात: फिटर, वायरमन, सुतार. रोज चाळीस-पन्नास पाकिटं येतात. एक कागद वाचायला मला मिनिटभर मिळतं, तेवढ्यात तो कुठल्या तरी गठ्ठ्यात गेला पाहिजे. कुठंच बसला नाही तर रद्दीच्या टोपलीत. ज्याला बोलवायचं त्यालाच पत्र जातं, बाकीच्यांना नकारही कळवत नाहीत. म्हणून जबाब नाही. तुला कुणी नापास केलं नव्हतं रे, कुणी पाहिलंच नव्हतं.

तू वडगावच्या अर्जनवीसाकडून लिहून घेतलंस. तो शेतसाऱ्याच्या माफीचे अर्ज लिहून लिहून म्हातारा झालेला माणूस. मायबाप सरकार, गरिबाची दया यावी, घरात विधवा आई, हे सगळं आधी. मग खाली एका दमात, फिटरकाम, सुतारकाम, विजेचं काम, लोहारकाम, पडेल ते काम येतं. तुला वाटलं, जितकं जास्त तितकं बरं. अरे, कारखान्याला दया नको असते, फिटर हवा असतो. आणि सगळं येतं म्हणणाऱ्याला मी कुठल्या गठ्ठ्यात घालू? पहिले दोन अर्ज असे गेले.

तिसऱ्याचं सांगायला मला लाज वाटते, आणि भीतीही. त्यात अगदी तळाला एक ओळ होती. कान्हे गावच्या मळ्यातलं बंद पडलेलं तेलाचं इंजिन तू एकट्यानं खोललंस, नवी पिस्टन रिंग बसवलीस आणि ते सुरू केलंस. ती ओळ मी दोनदा वाचली. तेवढ्यावर तो कागद फिटरच्या गठ्ठ्यात जायला हवा होता. पण वर आडनाव आपलं, गाव टाकवे. गेल्या साली एका कारकुनानं भाच्याचा अर्ज गुपचूप पुढं सरकवला, तर साहेबानं त्याला त्याच दिवशी घरी बसवलं. नातं असेल तर आधी सांगायचं, असा हुकूम आहे. मी सांगितलं नाही. माझी पोरं डोळ्यांपुढं आली, आणि तुझा अर्ज मी माझ्या हातानं टोपलीत टाकला. तुझं कसब कमी नव्हतं, दत्तोबा, माझी छाती कमी पडली.

आता ऐक. फिटरची भरती गुरुवारी बंद होते. नवा अर्ज तुझ्याच अक्षरात लिही, मराठीत चालतो. वरती एवढंच: फिटरच्या जागेसाठी. खाली ते इंजिन. काय बिघडलं होतं, तू काय केलंस, किती दिवस लागले. मळेवाल्याची चिठ्ठी घे आणि तिची नक्कल जोड, अस्सल स्वतःजवळ ठेव. घरच्या गरिबीचा एक शब्द नको.

आज दहा वाजता मी हेडक्लार्कपुढं उभा राहून तिसऱ्या अर्जाचं सगळं सांगणार आहे. उद्या तू आणशील ते पाकीट त्यांनीच उघडावं, मी हात लावणार नाही. माझी नोकरी राहते की जाते, देव जाणे. भ्यालोय मी. पण बुधवारचं भय त्याहून मोठं आहे.

काकू ओसरीवर बसून विचारतेय की नोकरी लागेल ना. मी म्हणालो, ते माझ्या हातात नाही. मग तिनं विचारलं, "मग तू काय लिवतोयस येवढं?" तिला वाचता येत नाही, तूच वाचून दाखव. टोपलीचंसुद्धा.

माझा राग आला असेल तर उद्या अर्ज घेऊन इथं ये आणि दोन थोबाडीत मार. पण ये. वडगावला जाऊ नकोस.

तुझा,
सोपानदादा