जिंकण्याआधीचा अर्ज

परीक्षा विभागाच्या हेडक्लार्कला कॉलेजातली पोरं पाठीमागे ‘पंधरादिवस’ म्हणत. पेपरच्या पंधरा दिवस आधी न आलेला अर्ज खिडकीतूनच परत करायचा, हा त्याचा अठ्ठावीस वर्षांचा नेम. टोपणनाव त्याला माहीत होतं. त्यात चूक काही नव्हती, म्हणून त्याने ते कधी मनावर घेतलं नाही.

भालाफेक करणाऱ्या मुलीचा अर्ज मात्र चांगला बावीस दिवस आधी आला. बारा तारखेला तिचा अर्थशास्त्राचा पेपर आणि त्याच दिवशी राज्य स्पर्धेत तिची भालाफेक. प्राचार्यांची सही, क्रीडा शिक्षकांची शिफारस, संघटनेचं निवडपत्र, स्पर्धेचं वेळापत्रक, हॉल तिकिटाची प्रत, सगळं टाचणीने नीट लावलेलं. खोड काढायला जागाच नव्हती. एकटीसाठी पेपर पुढे ढकलता येत नाही, पण अशा खेळाडूंची नंतर वेगळ्या प्रश्नपत्रिकेवर विशेष परीक्षा घेता येते. त्यासाठीच प्रत्येक विषयाचे तीन संच सीलबंद ठेवलेले असतात. समितीने वेगवेगळ्या खेळांतले सात जण मंजूर केले. तारीख हेडक्लार्कने सुचवली, चोवीस.

आठ तारखेला मुलगी मंजुरीचं पत्र घ्यायला आली. तिने ते उभ्या उभ्या वाचलं आणि खिडकीपासून हलेना.

“काका, चोवीसला राष्ट्रीय स्पर्धा आहे.”

“त्यात निवड झालीय तुझी?”

“नाही. बाराला पहिली आले तर होईल.”

“मग तेराला अर्ज घेऊन ये.”

“तेराला अकराच दिवस उरतात.”

हेडक्लार्कने भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं. अकराच होते. पंधरा दिवसांचा फास आज त्याच्याच गळ्यात आला होता. तारीख ठरवताना राष्ट्रीय स्पर्धा कधी आहे ते बघावं, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. या कॉलेजातून राज्याच्या पुढे आजवर कोणी गेलं नव्हतं. म्हणजे पोरगी हरून येणार, हे त्याने बसल्या जागी ठरवून टाकलं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

“बाबा म्हणतात, पेपर बुडवून वर्ष घालवायचं नाही,” मुलगी म्हणाली. “जिंकले तरी जाऊ देणार नाहीत.”

“मग अर्ज आजच दे.”

कोरा कागद त्यानेच पुढे केला. ‘सोबत जोडलेली कागदपत्रे’ इथवर येऊन मुलगी थांबली.

“लिही, निवडपत्र,” तो म्हणाला. “कंसात लिही, मागाहून सादर करण्यात येईल.”

परीक्षा नियंत्रक मॅडमनी अर्ज दोनदा वाचला.

“ही जिंकलेली नाही.”

“अजून नाही, मॅडम.”

“बाजारात तुरी, आणि तुम्ही आवक क्रमांकसुद्धा टाकून मोकळे?”

“अर्ज मुदतीत आहे, मॅडम. तिसरा संच सीलबंद आहे.” घसा खाकरून तो म्हणाला, “माझी शिफारस आहे.”

अठ्ठावीस वर्षांत त्याने कोणाची शिफारस केली नव्हती. मॅडमनी पेन उचललं आणि शेरा मारला. चोवीस तारखेचं हजेरीपत्रक बंद होण्याआधी निवडपत्र आल्यास तिसऱ्या संचावर परीक्षा घ्यावी, अन्यथा अर्ज निकाली काढावा.

बारा तारीख गेली. क्रीडा शिक्षक तिकडूनच परस्पर रजेवर गेले. मुलीच्या घरी फोन करावा असं हेडक्लार्कला रोज वाटे, पण कोणत्या नियमाखाली करावा ते सुचत नसे.

चोवीसला दहा वाजता पेपर सुरू झाला. सात बाकं, सहा मुलं. साडेदहापर्यंत उशिरा येणाऱ्याला आत घेतात, मग हजेरीपत्रक बंद. एरवी उशिरा येणाऱ्यांच्या नावाने तो बोटं मोडायचा. आज मात्र एका मुलीने येऊच नये म्हणून तो दाराकडे बघत होता. निवडपत्राचाही पत्ता नव्हता, आणि ते न येता ती नुसतीच आली नाही, तर तिचं वर्ष जाणार होतं.

दहा चोवीसला दार उघडलं. पण दारात बस ड्रायव्हरच्या गणवेशातला एक माणूस होता, घामाघूम झालेला, हातात पाकीट.

“परीक्षार्थीशिवाय कोणाला आत प्रवेश नाही,” हेडक्लार्क म्हणाला आणि स्वतःच बाहेर गेला.

“मी तिचा वडील. निवडपत्रावर सही करणारे संघटनेचे साहेब कालच कचेरीत उगवले,” तो माणूस म्हणाला. “पहिली आली ती. तिथूनच शिबिराला गेली. फोनवर म्हणाली, काकांच्याच हातात द्या.”

“तुम्ही जाऊ दिलंत?”

“राज्य स्पर्धेला निघायच्या आधीच तुमचा शिक्का असलेली अर्जाची प्रत तिने पुढ्यात ठेवली. म्हटलं, ऑफिसला भरवसा आहे, मग बापाला काय झालं?”

निवडपत्र हेडक्लार्कने अर्जाला टाचलं, कंसातल्या ओळीवर रेघ मारली आणि आत जाऊन हजेरीपत्रक पुढे ओढलं. लाल शाईने ‘गैरहजर’ हा शब्द त्याने आजवर शेकड्यांनी लिहिला होता. आज तो त्याने सावकाश, वळणदार अक्षरात लिहिला.