जाहिरात नसलेलं पत्र

श्यामला गेल्याचं श्रीनिवासरावांना दुकानात कळलं. सकाळचे सव्वाअकरा झाले होते. समोर एक मुलगा नोकरीच्या अर्जाची प्रिंट घ्यायला उभा होता. फोन शेजारच्या दीपालीचा होता. ती म्हणाली, "काका, काकू उठत नाहीयेत. डॉक्टर आलेत. तुम्ही या." डॉक्टर आले असूनही ती 'तुम्ही या' म्हणत होती, त्यातच सगळं आलं. त्यांनी प्रिंट काढून दिली. मुलाने विचारलं, "काका, सही कुठे करू?" त्यांनी बोट ठेवून जागा दाखवली आणि मग शटर ओढलं.

या गोष्टीला आता चार महिने झाले.

दुकान विश्रांतवाडीत, आळंदी रस्त्यापासून आत दुसऱ्या गल्लीत. झेरॉक्स, टायपिंग, रेझ्युमे, पासपोर्टचे अर्ज. श्रीनिवासराव पूर्वी भोसरीच्या एका कारखान्यात कामगार विभागात होते. एका जागेसाठी तीनशे अर्ज आले की ते चाळायचं काम त्यांच्याकडे यायचं. अर्ज चाळणाऱ्याला काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे त्यांना पाठ होतं. निवृत्तीनंतर दोघांनी मिळून दुकान टाकलं. ते आत टाइप करायचे, श्यामला काउंटरवर बसायची. गिऱ्हाइकाने रेझ्युमे पुढे केला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "जाहिरात कुठाय?"

"जाहिरात नाही काकू. नुसतं पत्र करून द्या."

"नुसती उत्तरपत्रिका आणलीस, प्रश्न आणला नाहीस. मी उत्तर कशाचं लिहू? जा, घेऊन ये."

काहीजण चिडून दुसऱ्या दुकानात जायचे. श्रीनिवासराव आतून म्हणायचे, "अगं, गिऱ्हाइक आहे ते." ती म्हणायची, "अहो, तुम्हीच तर सांगता ना, जाहिरातीतल्या चार गोष्टींना माणसाच्या चार गोष्टी जुळल्या पाहिजेत म्हणून? मग एका हाताने टाळी कशी वाजवायची?"

ती गेल्यावर काउंटरवर कोणी बसलं नाही. लोक व्हॉट्सॲपवर फाइल पाठवू लागले, श्रीनिवासराव पत्र करून परत पाठवू लागले. कोणाशी बोलावं लागत नाही, हेच त्यांना बरं वाटत होतं.

मंगळवारी दुपारी सुदर्शनचा निरोप आला. 'काका, कव्हर लेटर पाहिजे. रेझ्युमे जोडला आहे. आजच द्या.' एवढंच. सुदर्शनला ते ओळखत होते. पुसदचा मुलगा, मेकॅनिकलचा डिप्लोमा. चाकणच्या एका कारखान्यात चौदा महिने शिकाऊ म्हणून होता, मुदत संपल्यावर कारखान्याने काढून टाकलं. आता सामान पोहोचवायच्या गाडीवर फिरत होता. रेझ्युमे त्यांनीच करून दिला होता.

त्यांनी फाइल उघडली आणि थांबले. पत्र कोणाला लिहायचं? मशीनवरच्या नोकरीसाठी असेल तर चाकणचे चौदा महिने वर घ्यायचे. विक्रीची असेल तर ते खाली आणि गाडीवरची दोन वर्षं वर. कंपनीचं नाव नाही, पदाचं नाव नाही. अशा वेळी तीन गोष्टी करता येतात. जाहिरात मागायची. किंवा मधे रिकाम्या जागा सोडून कच्चं पत्र द्यायचं आणि सांगायचं, की नाव आणि दोन मुद्दे तू भर. किंवा कुठेही चालेल असं लिहून द्यायचं.

त्यांनी लिहिलं, 'जाहिरात पाठव.'

उत्तर लगेच आलं. 'जाहिरात नाही काका. सरांनी डायरेक्ट सांगितलं. जनरल लिहा.'

पुन्हा विचारायला हवं होतं. कोण सर, काम काय, कुठे. पण त्यासाठी फोन करावा लागला असता, बोलावं लागलं असतं. त्यांनी ठेवणीतली फाइल काढली. मेहनती आहे. शिस्तप्रिय आहे. दिलेली कोणतीही जबाबदारी स्वीकारण्याची तयारी आहे. कुठेही, कोणत्याही वेळी काम करू शकतो. वरिष्ठांच्या सूचना काटेकोरपणे पाळतो. कारखान्यात असताना अशी पत्रं ते न वाचता बाजूला ठेवायचे, कारण त्यातलं एकही वाक्य त्या माणसाचं नसायचं. त्यांनी वर सुदर्शनचं नाव घातलं आणि पाठवून दिलं.

पाठवल्यावर त्यांना आठवलं, की दोन आठवड्यांपूर्वी सोनू नावाच्या मुलाने अगदी असंच मागितलं होतं. रेझ्युमे जोडलेला, जाहिरात नाही, 'सरांनी सांगितलं'. त्याचा रेझ्युमेही पूर्वी त्यांनीच करून दिला होता आणि त्यालाही त्यांनी हेच पत्र दिलं होतं. त्यांनी दोन्ही निरोप एकाखाली एक उघडून पाहिले. दोघांच्या रेझ्युमेत शेवटी एक नवीन ओळ होती, त्यांनी न घातलेली. 'अविवाहित. पासपोर्ट तयार.'

त्यांनी सुदर्शनला फोन लावला. "दुकानात ये. आत्ता."

"काहून काका? पत्र तर भेटलं ना."

"पत्रात चूक झालीय. ये."

सुदर्शन अर्ध्या तासात आला. हेल्मेट काखेत, अंगात कंपनीचा टी-शर्ट. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"कुठली नोकरी आहे?"

"बँकॉकले काका! कस्टमर सपोर्ट. कॉम्प्युटरवर बसून लोकांशी चॅटिंग. राहणं-खाणं त्यांचंच. विमान परवाचं हाय, तिकीट बी सरांनीच काढलं."

"कंपनीचं नाव?"

"तिथं गेल्यावर सांगतील."

"व्हिसा?"

"फिराले चाललो म्हणून सांगायचं. कामाचे कागद मागून होतात म्हणे."

"नेमणुकीचं पत्र?"

"तिथंच." सुदर्शनचा आवाज थोडा खाली आला. "काका, तुम्ही पोलिसावानी काहून विचारून राहिले? आईनं अख्ख्या गल्लीत पेढे वाटले."

श्रीनिवासरावांनी त्याला स्टूल दिलं. "हे बघ, मी तीस वर्षं माणसं घेतली. ज्याला माणूस हवा असतो, त्याला काय हवंय ते माहीत असतं. ते तो कागदावर लिहितो. आपण मागितलं तर तासाभरात पाठवतो, कारण त्याचाच वेळ वाचतो. परदेशी माणसं पाठवणाऱ्याला तर सरकारी नोंदणी लागते, तिचा नंबर असतो. आपण फक्त विचारू. विचारण्यात काही जातं का?"

"चिडले तर?"

"जाहिरात मागितली म्हणून चिडणारा साहेब मी अजून पाहिला नाही."

दोघांनी मिळून निरोप लिहिला. 'नमस्कार सर. पत्र कामाला जुळवून लिहायचे आहे. कृपया पदाचे नाव, कामाचे स्वरूप, कामाचा पत्ता, कंपनीचे नाव आणि आपला नोंदणी क्रमांक पाठवावा.' सुदर्शनने तीनदा वाचून पाठवला.

तासही गेला नाही, चार मिनिटांत फोनच आला. श्रीनिवासरावांनी खूण केली, सुदर्शनने स्पीकर लावला.

"सुदर्शन, बेटा, हे कोणी लिहून दिलं तुला?" आवाज गोड होता. मराठी स्वच्छ, पुण्याचीच.

"मीच सर. ते पत्रासाठी…"

"पत्र तर आलं की तुझं. मस्त आहे. विश्रांतवाडीतल्या त्या टायपिंगवाल्या काकांकडून घेतलंस ना? सोनूचंही तिथलंच होतं. वाचल्यावर लगेच कळतं."

श्रीनिवासराव फोनजवळ सरकले.

"पण सर, कामाला जुळवून…"

"अरे, जुळलंय ना! कोणतीही जबाबदारी घेईन, कुठेही, कोणत्याही वेळी काम करीन, सूचना पाळीन. तिथल्या बॉसला एवढंच हवं असतं. आणखी काय जुळवणार? काकांना सांग, पुढची पोरंही मी त्यांच्याकडेच पाठवतो."

ज्या वाक्यांना कुठल्याच कामात काही अर्थ नव्हता, ती या एका कामाला शब्दशः लागू पडली होती. श्रीनिवासरावांनी एक कागद ओढून त्यावर लिहिलं आणि सुदर्शनसमोर धरला. 'पदाचं नाव विचार.'

सुदर्शनने ओठांवरून जीभ फिरवली. "सर, पोस्टचं नाव काय हाय? तेवढं सांगा ना."

पलीकडून त्याच गोड सुरात उत्तर आलं. "तुझा पासपोर्ट, आधार, आईचा नंबर, सगळं आहे माझ्याकडे. तिकिटाचे पैसे मी भरलेत. असले प्रश्न विचारणारी पोरं मला आवडत नाहीत. परवा दुपारी दोनला विमानतळावर ये." फोन बंद झाला.

समोरच्या फरसाणवाल्याकडे रेडिओ चालू होता. सुदर्शनने हेल्मेट मांडीवर घेतलं, त्याचा पट्टा लावला, काढला, पुन्हा लावला.

"आईचा नंबर त्याच्यापाशी हाय काका."

"आधी आईला फोन कर. तो करायच्या आत."

सुदर्शनने फोन केला. नोकरी रद्द झाली एवढंच सांगितलं. कोणीही काहीही म्हणालं तरी बोलू नको, पैसे देऊ नको, असं दोनदा बजावलं. आई पलीकडून पेढ्यांबद्दल काहीतरी विचारत होती. तो म्हणाला, "वाटले तर वाटले. मी नाही जाऊन राहिलो." मग फोन ठेवून त्याने विचारलं, "काका, सोनूचं काय?"

"कधी जायचाय तो?"

"गेला. मागच्या शनिवारी. मीच त्याले सरांचा नंबर देल्ला होता. सामान उचलतो त्या गाडीच्या पॉइंटवर ओळख झाली होती आमची."

सोनूला केलेला फोन लागला नाही. निरोप पाठवला, तर त्यावर एकच टिक आली, म्हणजे तो पोहोचलाच नाही. त्याचं शेवटचं बोलणं सुदर्शनकडे होतं, रविवारचं. 'पोहोचलो. गाडीने पुढे नेऊन राहिले, लय लांब. फोन जमा करा म्हणतात.'

श्रीनिवासरावांनी दुकान बंद केलं आणि दोघे पोलीस चौकीत गेले. हवालदाराने सगळं नीट ऐकून घेतलं. सरांचा नंबर लिहून घेतला, सुदर्शनचे निरोप पाहिले आणि म्हणाला, अशा पोरांना तिकडे कोंडून ठेवतात आणि त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीचं काम करून घेतात. मग सोनूबद्दल विचारायला लागला. पूर्ण नाव? ते रेझ्युमेवर होतं. वडिलांचं नाव, गाव, घरचा पत्ता?

सुदर्शन म्हणाला, "वाशीमकडचा हाय. गाव नाही माहीत."

"अहो, नोकरीचा अर्ज करून दिलाय ना तुम्ही? त्यात पत्ता असेल की," हवालदार म्हणाला. "घरच्यांची तक्रार आली तर पुढे दिल्लीपर्यंत कळवता येतं. नाहीतर मी कोणाचा मुलगा म्हणून लिहू?"

श्रीनिवासरावांनी मोबाइलवर सोनूचा रेझ्युमे उघडला. वर नाव, मोबाइल, ईमेल, 'पुणे'. हल्ली घरचा पत्ता आणि वडिलांचं नाव कोणी लिहीत नाही, जागा वाया जाते, असं सांगून त्यांनीच त्या ओळी काढल्या होत्या आणि जुन्या फाइलवरच नवी सेव्ह केली होती. खाली त्यांच्याच हातचं वाक्य होतं, संदर्भ मागितल्यास दिले जातील.

दुसऱ्या दिवशी ते गाडीच्या पॉइंटवर गेले. सोनू ज्या खोलीत राहायचा ती शोधली. खोली दुसऱ्यांना दिलेली होती. वाशीम जिल्ह्यात त्या आडनावाची घरं किती, हे कोणी सांगू शकलं नाही.

सोनूच्या घरी अजून कळवायचं राहिलं आहे.