बेबाबाईचा ताप

पहूरजवळच्या मळ्यातून बेबाबाईला तिच्या नवऱ्यानं, कौतिकनं, ट्रॅक्टरवर दवाखान्यात आणलं, तेव्हा दुपार कलायला आली होती. मे महिना चालू होता. गळ्यावर बोटांचे वळ होते. केळीच्या बागेत पालथी सापडली म्हणे. दुपारी तिथे केळी कापणारा हाशम एकटाच दिसला होता, म्हणून फौजदार सुकदेवनं त्याला बेड्या घालूनच आणलं.

"डॉक्टरसाहेब, अंग अजून गरम आहे. दुपारीच मेली, लिहून टाका," सुकदेव म्हणाला.

मला अशा घाईची चीड येते. आमच्याकडे मे महिन्यात सावलीतला वारासुद्धा माणसाच्या अंगापेक्षा तापलेला असतो. प्रेत गार होणार कुठे? थर्मामीटर मी लावला, पण त्याचं ऐकलं नाही.

पाय लाकडासारखे ताठ होते, जबडा मात्र सैल पडू लागला होता. उन्हाळ्यात ताठरपणा लवकर येतो आणि लवकर सुटतो, पण चार तासांत येऊन सुटायला लागत नाही. तिला उलटं केलं. पाठीवर रक्त साकळून जांभळे डाग पडले होते. अंगठ्यानं दाबूनही ते फिकट होईनात. डागांमध्ये पांढऱ्या रेघा होत्या, बाजेच्या सुंभाच्या विणीच्या. पालथ्या सापडलेल्या बाईच्या छातीवर डाग नव्हता. ती रात्रीच मेली होती आणि कित्येक तास बाजेवर उताणी पडून होती.

"पण साहेब," सुकदेव अडला, "सासू शपथेवर सांगते, सकाळी सुनेशी बोलत बसली होती. खोटं बोलणारी बाई नाही ती."

सासू धुरपदाबाई व्हरांड्यात बसली होती; सून गेल्याचं तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं. दोन्ही डोळे गेलेले. मी शेजारी उकिडवा बसलो.

"अक्का, सकाळी सून कशी होती?"

"तापानं फणफणली व्हती, बापा. कौतिक बोल्ला, तिले पडू दे. मी कपायाले हात लावला, गरम. वारा घालत बसली. माह्या माहेरच्या गोष्टी सांगतल्या."

"ती काय म्हणाली?"

"बोल्ली नई. रुसेल व्हती. रातच्याले दोघायचं भांडन झालं, मी अंगनात निजेल व्हती, आयकलं. पानी पाजाले गेली, तं दात असे घट्ट आवयले! सारं पानी गयावर सांडलं. मंग कौतिक दवाखान्यात नेतो म्हने, उचलून घेऊन गेला."

सुकदेवनं वळून पाहिलं. कौतिक ट्रॅक्टरवरून उतरून फाटकाकडे निघाला होता. दोन शिपाई धावले. हाशम बेड्यांसकट खाली बसला आणि हमसून रडू लागला.

हा गलका ऐकून म्हातारीनं चाचपडत माझं मनगट धरलं. "काय झालं, डाक्टर? माही बेबा बोलेना काऊन?"

मला सांगावंच लागलं. कोर्टात तिलाही उभं राहावं लागणार होतं. सून रात्रीच गेली होती, हे मी सांगितलं तसा तिचा हात सुटला. तिनं तो नाकाशी नेऊन हुंगला आणि लुगड्याला पुसू लागली. मध्येच थांबली. मग हळूच विचारलं,

"मंग माह्या गोष्टीले तिनं हुंकार कसा देला, बापा?"